लघुपटाच्या पटकथेचे सामूहिक वाचन आणि तालमी: घड्याळ कुठे लावायचे आणि संवाद कुठे छाटायचे

लघुपटाची लांबी बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली असते. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत श्रेयनामावलीसह १५ मिनिटांची मर्यादा आहे, तर ऑस्करच्या नियमांत लघुपट म्हणजे श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट. स्थानिक महोत्सव आणि महाविद्यालयीन स्पर्धा यांच्याही आपापल्या मर्यादा असतात. त्यामुळे चित्रीकरणाला निघण्यापूर्वी आपला चित्रपट साधारण किती मिनिटांचा होणार आहे, हे समजणे आवश्यक असते. ते समजण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कलाकारांना एकत्र बसवून केलेले पटकथेचे वाचन आणि त्यानंतरच्या तालमी. मात्र या वाचनात घड्याळ लावून मिळणारा आकडा जसाच्या तसा विश्वासार्ह नसतो, आणि त्याच्या भरवशावर संवाद छाटायला घेतले तर चुकीच्या जागी कात्री चालते. वाचनाची वेळ आणि पडद्यावरची वेळ यांच्यातील अंतर कसे मोजावे आणि त्यानुसार संवाद कसे छाटावेत, हे पुढे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

उदाहरणासाठी एक पटकथा समजून घेऊ. डोंबिवलीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर लेडीज टेलरचे दुकान आहे. एका तरुणीला नुकत्याच वारलेल्या आईच्या पर्समध्ये या दुकानाची पावती सापडते, आणि ती शिवायला टाकलेला ब्लाउज न्यायला येते. शिंपी सांगतो की, या वेळी दिलेले माप तिच्या आईचे नव्हते. मापासाठी दिलेला जुना ब्लाउज कारागिराकडे असल्यामुळे तो तिला दुसऱ्या दिवशी बोलावतो. दुसऱ्या दिवशी तो ब्लाउज पाहिल्यावर तिला कळते की तो तिचा स्वतःचाच आहे, म्हणजे आईने नवा ब्लाउज लेकीसाठी शिवायला टाकला होता. पटकथेची १३ पाने, सहा दृश्ये आणि मर्यादा १५ मिनिटांची. श्रेयनामावलीसाठी एक मिनिट बाजूला ठेवले तर कथेला १४ मिनिटे उरतात.

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा नियम

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा हिशेब अनेकांना ठाऊक असतो. तो अमेरिकी पद्धतीच्या मांडणीवर, म्हणजे कुरिअर हा टंक, १२ पॉइंटचा आकार आणि ठरावीक समास यांवर बेतलेला आहे. देवनागरीत, वेगळ्या टंकात आणि स्वतःच्या सोयीच्या समासात लिहिलेल्या मराठी पटकथेला तो लागू पडेलच असे नाही. इंग्रजी मांडणीतसुद्धा तो संपूर्ण पटकथेच्या सरासरीचा अंदाज आहे. एकेका दृश्याला तो लावता येत नाही, आणि लघुपटात सरासरी साधायला पानेच थोडी असतात. म्हणून १३ पाने आहेत, म्हणजे १३ मिनिटे झाली, असे गृहीत न धरता आपल्या मांडणीचा दर आपणच काढावा. तो मिळवण्यासाठी वाचन करायचे आहे.

वाचनाची तयारी

वाचनासाठी छापील प्रती द्याव्यात. मोबाइलवर वाचणारा कलाकार बोट फिरवण्यात अडकतो, आणि त्या अर्ध्या-अर्ध्या सेकंदांनी घड्याळ बिघडते. प्रत्येक पानावर पृष्ठांक आणि प्रत्येक दृश्याला क्रमांक असावा. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नसावे, आणि शक्यतो एकच संवाद दोन पानांवर तुटू नये. टिपणे करता यावीत म्हणून उजवीकडे रुंद समास सोडावा.

कृतीचे वर्णन वाचायला एक स्वतंत्र व्यक्ती हवी. हे काम दिग्दर्शकाने किंवा लेखकाने करू नये, कारण त्यांनी कलाकारांचे ऐकायचे असते आणि वाचणारा माणूस नीट ऐकू शकत नाही. भूमिका करणाऱ्या कलाकारावरही ते सोपवू नये. मुलीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीनेच ‘ती पर्स उघडते’ असेही वाचले की तिचा सूर तुटतो. सहायक दिग्दर्शकाने किंवा सातत्याची नोंद ठेवणाऱ्या व्यक्तीने स्टॉपवॉच सांभाळावे. फोनवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर फोन टेबलावर थेट न ठेवता घडी केलेल्या रुमालावर ठेवावा, नाहीतर पान उलटल्याचा आणि कप ठेवल्याचा प्रत्येक आवाज मोठा होऊन ऐकू येतो. पंखा बंद करणे शक्य असेल तर तोही करावा.

वाचनाआधी कथेवर भाषण करू नये. पात्राच्या मनात काय चालले आहे हे दिग्दर्शकाने आधीच समजावले तर कलाकार ते समजावणे वाचू लागतात, आणि पटकथेत ते मुळात उमटले आहे की नाही, हे कधीच कळत नाही. उच्चार, नात्यांची संबोधने आणि पात्राची बोली यांच्याविषयीच्या शंका तेवढ्या आधी सोडवाव्यात.

पहिले वाचन: न थांबता, न छाटता

पहिले वाचन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात व्हावे. एखादी ओळ अडखळली तरी थांबू नये. घड्याळवाल्याने प्रत्येक दृश्याच्या आरंभी आणि अखेरीस वेळ टिपावी. लेखकाने समासात फक्त खुणा कराव्यात, त्यांची कारणे लिहीत बसू नये. तीन खुणा पुरेशा आहेत: अडखळले तिथे एक, ऐकणाऱ्यांची प्रतिक्रिया आली तिथे दुसरी, आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष उडाले, कोणी पुढचे पान चाळू लागले तिथे तिसरी.

अडखळण्याचा अर्थ लावताना थोडे थांबावे. एकाच कलाकाराने एकदाच ठेच खाल्ली तर ती बहुधा वाचनाची चूक असते. त्यासाठी थोड्या विश्रांतीनंतर भूमिकांची अदलाबदल करून निवडक दोन दृश्ये पुन्हा वाचून घ्यावीत. दुसरा कलाकारही त्याच वाक्यावर अडखळला तर दोष वाक्याचा आहे. मराठीत अशी वाक्ये बहुधा सारखीच असतात: क्रियापद शेवटी आणि त्याच्या आधी दोन-तीन उपवाक्ये. कागदावर ती सुबक दिसतात, पण बोलणाऱ्याला श्वास कुठे घ्यावा ते कळत नाही. या अदलाबदलीतून आणखी एक गोष्ट कळते. शिंप्याचे संवाद मुलीच्या तोंडी घातल्यावरही काहीच फरक जाणवला नाही, तर दोन्ही पात्रे लेखकाच्याच आवाजात बोलत आहेत.

पहिल्या वाचनाच्या दिवशी छाटणी करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्या दिवशी कलाकारांना संवादांची लय अजून सापडलेली नसते. जी ओळ तेव्हा लांबट वाटते ती पुढे नीट म्हटली गेल्यावर आवश्यक ठरते, आणि ज्या ओळीवर सगळे हसले ती चित्रपटात निरुपयोगी निघते. टेबलाभोवती बसलेली माणसे एकमेकांना ओळखत असतात, आणि त्यांच्या हसण्यात ती ओळखही मिसळलेली असते. वाचनानंतरच्या चर्चेत ‘आवडले का’ असे न विचारता ‘काय घडले ते सांगा’ असे विचारावे. शिंप्याला माप कोणाचे आहे हे आधीपासून माहीत होते, असा कोणाचा समज झाला असेल तर तो अशाच प्रश्नातून बाहेर येतो.

घड्याळ काय मोजते आणि काय मोजत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वाचनात कृतीच्या वर्णनाला जेवढा वेळ लागतो, त्याचा ती कृती घडायला लागणाऱ्या वेळेशी काहीच संबंध नसतो. ‘ती पर्समधले सगळे कागद काढून पावती शोधते’ हे वाक्य चार सेकंदांत वाचून होते, पण शोधायला पंधरा-वीस सेकंद लागतात. याउलट दुकानातले कपाट, भिंतीवरचे कॅलेंडर आणि लोंबणारे धागे यांचे पाच ओळींचे वर्णन वाचायला वीस सेकंद लागतात आणि पडद्यावर ते सारे चार सेकंदांच्या एका चित्रचौकटीत मावते. संवादांनी भरलेल्या दृश्यात वाचनाची वेळ बरीचशी खरी ठरते. निःशब्द दृश्यात ती जवळजवळ निरर्थक असते.

म्हणून पहिल्या वाचनाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक दृश्याची दुसरी वेळ काढावी. त्यासाठी दिग्दर्शकाने आणि सहायकाने एकांतात बसून संवाद ध्वनिमुद्रणाच्या गतीने म्हणावेत आणि प्रत्येक कृती खोलीत प्रत्यक्ष करून पाहावी: उठावे, चालावे, कागद शोधावेत, शटर उचलण्याचा अभिनय करावा. बोलता बोलता होणारी कृती वेगळी मोजायची नाही. थोडक्यात, दृश्याची वेळ म्हणजे संवादाचा वेळ अधिक निःशब्द कृतीचा वेळ. असे तीनदा करून मधला आकडा घ्यावा. आपल्या उदाहरणात दोन्ही वेळा अशा आल्या, असे धरू:

| दृश्य | वाचनाची वेळ | करून पाहिलेली वेळ |
|---|---|---|
| १. शिंपी सकाळी दुकान उघडतो | ०:३५ | १:२० |
| २. घरी पावती सापडते | १:५० | २:१० |
| ३. दुकान, पहिली भेट | ४:४० | ५:०५ |
| ४. रस्त्यात भावाला फोन | १:३० | १:३० |
| ५. दुकान, दुसरी भेट | ३:२० | ४:३० |
| ६. मुलगी घरी, ब्लाउज | ०:२५ | १:१० |
| एकूण | १२:२० | १५:४५ |

वाचनाच्या आकड्यावर विसंबलो असतो तर हातात १४ मिनिटे असताना पटकथा १२:२० ची आहे, म्हणजे अजून भर घालायला जागा आहे, असे वाटले असते. प्रत्यक्षात ती पावणेदोन मिनिटांनी लांब आहे. शिवाय ठेवायची मर्यादा १४ मिनिटांची नसावी. संकलनाच्या पहिल्या जोडणीत सगळे विराम आणि सगळी ये-जा असते, आणि ती जोडणी अंदाजापेक्षा लांब निघण्याचीच शक्यता जास्त. म्हणून किमान मिनिटभर जागा मोकळी ठेवावी. तेव्हा आपले लक्ष्य १३ मिनिटे, आणि काढायची आहेत पावणेतीन मिनिटे.

तक्त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. दृश्य १ आणि ६ यांच्यात कृतीच कृती असल्यामुळे दोन्ही वेळांत दुपटीहून अधिक फरक पडला, तर फोनवरच्या दृश्य ४ मध्ये काहीच पडला नाही. ज्या दृश्यात फरक शून्य आहे तिथे पात्रे नुसती बोलत आहेत. छाटणीची सुरुवात तिथून करावी.

छाटणी: आधी दृश्य, मग वाक्य, शेवटी शब्द

दृश्य ४ मध्ये मुलगी भावाला फोन करून दुकानात काय झाले ते सांगते. हे सारे प्रेक्षकाने नुकतेच पाहिलेले आहे. नवी माहिती एवढीच की भावालाही त्या मापाविषयी काही ठाऊक नाही. तेव्हा भावाचा आवाज काढून टाकला आणि तिची बाजू तेवढी ठेवली: ‘दादा, आईची कोणी मैत्रीण होती का रे, अगदी जवळची?’ मग ऐकणे. मग: ‘नाही, सहज विचारलं.’ चालण्यासकट दृश्य ३५ सेकंदांवर आले आणि ५५ सेकंद वाचले. संपूर्ण दृश्य काढता येते का, हेही पाहिले पाहिजे. इथे ते काढले नाही, कारण दोन भेटींमधली रात्र गेली हे कळायला काहीतरी हवे होते.

दृश्य ३ हे सर्वांत लांब दृश्य आहे, आणि त्याची सुरुवात मूळ पटकथेत अशी होती:

मुलगी: नमस्कार काका. मी सरला जोशींची मुलगी. माझी आई तुमच्याकडे नेहमी ब्लाउज शिवायला टाकायची, आठवतंय का तुम्हाला?
शिंपी: हो हो, आठवतात की. जोशीबाई ना, त्या कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधल्या? वीस वर्षं झाली, माझ्याकडेच शिवतात.
मुलगी: हो, त्याच. आई मागच्या महिन्यात गेली. तिच्या पर्समध्ये ही तुमची पावती सापडली, म्हणून मी ब्लाउज न्यायला आले.
शिंपी: अरे देवा! काय सांगता? मला काहीच कळलं नाही. दिवाळीच्या आधीच तर येऊन गेल्या होत्या. मला फार वाईट वाटलं ऐकून.
मुलगी: हो, अचानकच झालं सगळं.
शिंपी: ब्लाउज तयार आहे. पण एक सांगायचं राहिलं. त्यांनी ह्या वेळी वेगळं माप दिलं होतं. हे माप त्यांचं नाही.
मुलगी: म्हणजे? मग कोणाचं आहे?

यातली एकही ओळ खोटी नाही. लोक असेच बोलतात, आणि त्यामुळेच लेखकाला ती काढवत नाही. आता प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे प्रेक्षकाला दुसरीकडून कळले आहे का किंवा कळणार आहे का? पावती पर्समध्ये सापडल्याचे दृश्य २ मध्ये दिसले आहे. ओळख सांगायची गरज नाही, कारण शिंप्याने पावती पाहून नाव घेतले तर जुनी ओळख आपोआप सिद्ध होते. ‘वाईट वाटलं’ हे नटाने दाखवायचे आहे. छाटलेला मसुदा असा:

मुलगी पावती काउंटरवर ठेवते.
शिंपी: जोशीबाई नाही आल्या?
मुलगी: मी मुलगी. (विराम) आई मागच्या महिन्यात गेली.
शिंपी गळ्यातली टेप काढून खाली ठेवतो.
शिंपी: दिवाळीच्या आधीच येऊन गेल्या होत्या.
तो मागच्या फळीवरून ब्लाउज काढतो, काउंटरवर पसरतो.
शिंपी: माप त्यांचं नव्हतं दिलेलं.
मुलगी: मग कोणाचं?

मूळ उताऱ्यात नव्वदच्या आसपास शब्द होते, आता वीस उरले. म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक शब्द गेले. वेळ मात्र साधारण ५० सेकंदांवरून ३० वर आली, म्हणजे जेमतेम दोन पंचमांश वाचला. शब्द गेले की त्यांच्या जागी शांतता येते, आणि शांततेलाही वेळ लागतो. गळ्यातली टेप काढायला आणि ब्लाउज पसरायला लागणारे सेकंद आता संवादाखाली झाकलेले राहिले नाहीत. म्हणूनच ‘इतके शब्द काढले म्हणजे इतका वेळ वाचला’ असा हिशेब कागदावर कधी करू नये. प्रत्येक छाटणीनंतर दृश्य पुन्हा करून मोजावे. याच पद्धतीने दृश्य ३ चा उरलेला भागही तपासल्यावर ते ५:०५ वरून ३:५० वर आले.

शब्दांच्या पातळीवर मात्र हात आखडता घ्यावा. ‘ना’, ‘की’, ‘हो’, ‘बरं का’, ‘रे’ ही अव्यये छाटणाऱ्याला सर्वांत आधी खुपतात, कारण त्यांच्यात माहिती नसते. पण मराठी संवादात माणसाचे वय, त्याचा स्वभाव आणि समोरच्याशी असलेले नाते या अव्ययांतूनच ऐकू येते. ‘मैत्रीण होती का रे’ मधला ‘रे’ काढून काही वाचत नाही, आणि भाऊ-बहीण मात्र परके होतात. ‘जोशीबाई’ मधल्या ‘बाई’ला हेच लागू. ही अव्यये ठेवावीत, आणि काढायचेच असेल तर पूर्ण वाक्य काढावे.

पहिल्या छाटणीत एवढेच करावे. दृश्य २ मध्ये एखादी ओळ गेली आणि दहा सेकंद सुटले. दृश्य ५ ला अजून हात लावलेला नाही. त्याचे कारण पुढे येते.

दुसरे वाचन

छाटलेली प्रत कलाकारांना किमान एक दिवस आधी द्यावी, आणि ती नव्या पानांवर छापलेली असावी. जुन्या प्रतीवर खोडलेल्या ओळी कलाकाराला दिसत राहतात आणि तो मनातल्या मनात त्या म्हणत राहतो. दुसऱ्या वाचनात कृतीची वर्णने मोठ्याने वाचायची नाहीत. कृती असलेल्या जागी कलाकाराने ती बसल्या बसल्या, डोळ्यांसमोर आणून, पूर्ण वेळ घेऊन करायची आणि मगच पुढची ओळ घ्यायची. सुरुवातीला सर्वांना अवघडल्यासारखे होते, पण घड्याळाला आता पडद्याच्या जवळचा आकडा मिळू लागतो.

हे वाचन दोनदा करावे. दोन्ही वेळांच्या एकूण आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर गती अजून ठरलेली नाही, आणि त्या दिवशीही पुढची छाटणी करू नये. फरक कुठे पडतो ते दृश्यवार पाहिले की बहुधा एकच जागा सापडते. एखादा कलाकार भावनिक ओळीआधी दर वेळी अधिक लांब विराम घेत असतो. लघुपटातले अनेक कलाकार एकांकिकांतून आलेले असतात, आणि प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ओळ पोहोचवण्याची व हशा थांबण्याची वाट पाहण्याची त्यांना सवय असते. त्यांना ‘लवकर बोला’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण मग ते ओळ घाईने उडवतात. ‘समोरची व्यक्ती हातभर अंतरावर आहे, तिलाच ऐकू जाऊ द्या’ असे सांगितले की आवाज आणि गती दोन्ही आपसूक बदलतात.

उभ्या तालमी

यानंतर दोन उभ्या तालमी घ्याव्यात. पहिली रिकाम्या खोलीत. त्याआधी प्रत्यक्ष दुकानात जाऊन मोजमाप घ्यावे आणि काउंटर, शिवणयंत्र, दार आणि मागची फळी खोलीच्या जमिनीवर चिकटपट्टीने आखावीत. डोंबिवलीतले असे दुकान आठ-दहा फुटांचे असते, आणि मोठ्या हॉलमध्ये बसवलेल्या हालचाली तिथे मावत नाहीत. वस्तू खऱ्या वापराव्यात: टेप, कात्री, पावतीचे पुस्तक, ब्लाउज. मापाचा ब्लाउज तर खराच हवा, कारण त्यावर दृश्य ५ उभे आहे.

दृश्य ५ ला आधी हात लावला नाही तो यासाठी. त्यात मापाचा ब्लाउज पाहून मुलगी म्हणते, ‘हा तर माझाच आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला घातला होता. आईने जपून ठेवला असेल, मला वाटलं कधीच देऊन टाकला.’ वाचनात या ओळी चांगल्या वाटतात आणि लागतातही, कारण टेबलावर ब्लाउज नसतो. उभ्या तालमीत अभिनेत्रीने तो उचलून खांद्याला लावला, बाही दंडावर धरून पाहिली आणि शिंपी तिच्याकडे बघत राहिला, की तीनही वाक्ये अनावश्यक होतात. अशी छाटणी टेबलावर करता येत नाही, कारण ओळीची जागा घेणारी कृती तिथे अजून सापडलेली नसते. उलटही घडते. कृती नीट दिसली नाही, तर ओळ परत घ्यावी लागते. इथे ‘गॅदरिंगला घातला होता’ एवढेच वाक्य ठेवले, म्हणजे ब्लाउज कोणाचा याविषयी शंका राहणार नाही. त्यावर शिंप्याचे दोन शेरे होते, तेही गेले. दृश्य अर्ध्या मिनिटाने कमी झाले.

हिशेब पुन्हा मांडू: दृश्य ४ मधून ५५ सेकंद, दृश्य ३ मधून सव्वा मिनिट, दृश्य ५ मधून ३० सेकंद आणि दृश्य २ मधून १० सेकंद. एकूण दोन मिनिटे ५० सेकंद. १५:४५ चे १२:५५ झाले, आणि श्रेयनामावलीसह १३:५५.

दुसरी उभी तालीम प्रत्यक्ष दुकानात, छायालेखक आणि ध्वनिमुद्रक यांच्यासह घ्यावी. दुकानदाराच्या सोयीने सकाळी ते उघडण्याआधीचे दोन तास मिळतात. फोन कोपऱ्यात तिवईवर लावून प्रत्येक दृश्य एका सलग चौकटीत चित्रित करावे. हे चित्रण सुंदर असण्याची गरज नाही, त्यातून वेळ आणि हालचाल कळली की पुरे. इथे ध्वनीचा एक प्रश्न हमखास निघतो: शिवणयंत्र. ते चालू असताना बोललेल्या संवादातून त्याचा आवाज नंतर वेगळा काढणे फार कठीण असते. शिंपी कोणत्या ओळीवर पाय थांबवतो, हे तालमीतच ठरवावे. ‘आई मागच्या महिन्यात गेली’ या वाक्याआधी यंत्र थांबणे स्वाभाविकही आहे. मात्र पायाने चालवायच्या यंत्राचे चाक पाय थांबल्यावरही थोडे फिरते, त्यामुळे तिथे दोन-तीन सेकंद धरावे लागतात, आणि खोलीतल्या तालमीत ते कोणाच्याच हिशेबात आलेले नसतात.

या तालमीत दृश्य ५ संपूर्ण भावनेने वारंवार करून घेऊ नये. हालचाली, जागा आणि ओळींचा क्रम पक्का करावा, आणि ब्लाउज हातात घेतल्यानंतरचा भाग एक-दोनदाच खेळावा. त्याची वेळ लांबली किंवा आखडली तरी चित्रीकरणाच्या दिवसासाठी ती मोकळी ठेवलेली बरी. १३:५५ मध्ये मिनिटभराची जागा सोडली आहे, ती याचसाठी.

पटकथा पक्की करताना

दुकानातल्या तालमीनंतर पटकथा पक्की झाली असे जाहीर करावे, आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल तारखेसह नव्या पानावर द्यावा. सहायक दिग्दर्शकाकडे दृश्यवार अंतिम वेळांचा कागद असावा. चित्रीकरणात एखाद्या दृश्याचा पसंत केलेला टेक त्या वेळेपेक्षा बराच लांबला तर त्याने तिथल्या तिथे सांगावे, कारण घरी जाऊन कळलेली वाढ पुन्हा चित्रित करता येत नाही.

शेवटी पक्क्या प्रतीत अशा तीन-चार ओळी शोधून ठेवाव्यात, ज्या गरज पडल्यास संकलनात काढता येतील. आपल्या उदाहरणात ‘दिवाळीच्या आधीच येऊन गेल्या होत्या’ ही तशी ओळ आहे. ओळ काढता येण्याजोगी आहे असे नुसते म्हणून भागत नाही. ती एकाच सलग चित्रचौकटीत, बोलणाऱ्याचा चेहरा समोर ठेवून घेतली असेल, तर मधून कापली की झटका दिसतो. म्हणून तिच्या आधी आणि नंतर उपयोगी पडेल असे काहीतरी छायालेखकाकडून मुद्दाम मागून घ्यावे: काउंटरवर ठेवलेली टेप, ऐकणाऱ्या मुलीचा चेहरा, पावतीवरचा हात. या ओळींची यादी छायालेखकाला आणि संकलकाला चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी द्यावी. कलाकारांना मात्र ती दाखवू नये, कारण जाणार असलेली ओळ कोणीही मनापासून म्हणत नाही.